सामू ७ ची रेघ आणि समतुल्य बिंदू

“टायट्रेशनचा वक्र वाचणं एकदम सोपं. आम्ल पूर्ण उदासीन झालं की सामू ७ होतो, म्हणून ७ वर आडवी रेघ मारा. ती वक्राला छेदते तिथेच समतुल्य बिंदू. दर्शकसुद्धा ७ च्या आसपास रंग बदलणारा घ्यावा.”

असा सल्ला वर्गात ऐकू येतो. त्यातलं ‘उदासीन झालं की सामू ७’ हे विधान हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडपुरतं खरं आहे. ॲसेटिक आम्ल घेतलं की ते कोसळतं. ०.१ मोलरचं २५ मिली ॲसेटिक आम्ल आणि ब्युरेटमध्ये तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. २५ मिली पडल्यावर आम्ल संपतं, म्हणजे समतुल्य बिंदू येतो, पण फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेट उरतं. ॲसिटेट पाण्यातून थोडा हायड्रोजन आयन ओढतं, हायड्रॉक्साइड मोकळं होतं आणि सामू ८.७ च्या आसपास जातो.

आडव्या रेघेचं काय? इथे ती २४.८६ मिलीवर छेदते. चूक जेमतेम तीन थेंबांची, म्हणूनच ही युक्ती वर्गात खपून जाते. बोरिक आम्लावर ती वापरून पाहा. ते इतकं दुर्बल आहे की २५ मिलीच्या टायट्रेशनमध्ये सामू ७ सुमारे ०.१४ मिलीवरच येतो, म्हणजे ब्युरेट नीट सुरूही झालेला नसतो!

समतुल्य बिंदू शोधायचा तो चढावरून. आधी १-१ मिली टाका आणि चढ लागला की ०.१ मिलीवर या. ॲसेटिक आम्लाचे गणिताने येणारे आकडे असे: २४.८ वर ६.८५, २४.९ वर ७.१६, २५.० वर ८.७३, २५.१ वर १०.३०, २५.२ वर १०.६०. लागोपाठच्या वाचनांतला फरक काढला तर ०.३१, १.५७, १.५७, ०.३० येतो. सर्वांत मोठे दोन फरक २५.० च्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे बिंदू तिथेच. शिवाय मीटर चुकीचा जुळवला असेल आणि सगळी वाचनं ०.३ ने वर सरकली, तरी हे फरक तसेच राहतात. ७ ची रेघ मात्र लगेच दुसरीकडे छेदते. प्रत्येक भरीनंतर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, नाहीतर चढ उशिरा सुरू झाल्यासारखा दिसतो.

पडताळा हवा असेल तर निम्म्या आकारमानावर, १२.५ मिलीला, सामू बघा. तो ४.७६ च्या जवळ, म्हणजे या आम्लाच्या pKa इतका यायला हवा. फार फरक पडला तर बिंदू तरी चुकला आहे किंवा मीटर तरी.

दर्शकाबाबतचा सल्ला सगळ्यांत महाग पडतो. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ मध्ये बदलतो, पण या टायट्रेशनमध्ये ६.० सामू २३.६ मिलीवरच येतो. त्यामुळे पिवळा-हिरवा-निळा असा घोळ सव्वा मिलीहून जास्त चालतो आणि नेमकं कुठे थांबायचं ते ठरत नाही. फिनॉल्फ्थॅलीनचा पल्ला ८.३ ते १०.० हा उभ्या चढात बसतो, म्हणून एक-दोन थेंबांत काम होतं. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाबतीत हेच उलटं होतं: बिंदू ५.३ च्या आसपास, आणि मिथाइल रेड चालतो.