स्मृती गेली तरी हात शिकतो

"स्मृतिलोप झाला की मेंदूतलं स्मृतीचं केंद्रच बंद पडतं. माणूस स्वतःचं नाव विसरतो, सायकल चालवणंही विसरतो, नवीन काहीच शिकू शकत नाही. खरं का?"

नाही. असं एकच केंद्र मेंदूत नाही. (नाव विसरणं तर बहुतेक सिनेमातलंच.)

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांचं उदाहरण घ्या. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा आणि लगतचा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवे प्रसंग मनात टिकेनात. स्वतःचं नाव आणि बालपण मात्र आठवत होतं.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना दुहेरी रेषेने काढलेल्या चांदणीच्या त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. अट एकच, हात थेट बघायचा नाही, फक्त आरशात. करून बघा, पेन्सिल हमखास उलटीकडे पळते. हेन्रींचीही पळाली. पण तीन दिवसांत चुका कमी होत गेल्या, आणि दरवेळी ते म्हणायचे की हे आपण आधी कधी केलेलंच नाही! 'काय घडलं' याची स्मृती गेली होती. 'कसं करायचं' ही शाबूत होती, कारण ती मुख्यतः बेसल गँग्लिया हे मेंदूत खोलवर असलेले भाग आणि लहान मेंदू यांवर चालते.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगात बेसल गँग्लिया झिजतात. तिथे चित्र बरंचसं उलटं दिसतं: नवं कौशल्य हाताला बसत नाही, घडलेलं त्यामानाने लक्षात राहतं.

दारूच्या व्यसनात जीवनसत्त्व बी-1 कमी पडून होणाऱ्या कोर्साकॉफ विकारात हिप्पोकॅम्पसपेक्षा थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडीज हे मेंदूतले दुसरे भाग जास्त बिघडतात. तरीही आरशातलं असलं काम हे रुग्ण शिकू शकतात.