वार्षिक खर्चाला बाराने भागलं, तरी सहाव्या महिन्यात पैसे का कमी पडतात?

विमा, फी यांसारख्या वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी एक सल्ला सगळीकडे मिळतो: सगळ्यांची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. पहिल्या वर्षी तो बहुतेकांना तोंडघशी पाडतो, आणि मग लोक म्हणतात, "आम्हाला नाही जमत हे."

हिशेबच मांडून पाहू. आरोग्य विमा 24,000, तिसऱ्या महिन्यात. शाळेची फी 36,000, सहाव्या महिन्यात. गाडीचा विमा 12,000, दहाव्या महिन्यात. बेरीज 72,000, म्हणजे महिना 6,000. आता शून्यापासून सुरुवात करा. तिसऱ्या महिन्यापर्यंत जमा होतात 18,000 आणि बिल आहे 24,000 चं. तिथेच 6,000 ची तूट. सहाव्या महिन्यापर्यंत एकूण 36,000 जमा झालेले असतात, पण तोवर विमा आणि फी मिळून 60,000 द्यायचे असतात. तूट 24,000. वर्षाच्या शेवटी हिशेब बरोबर शून्यावर येतो, पण शाळा वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही.

म्हणजे चूक भागाकारात नाही, तारखांमध्ये आहे. महिना 6,000 हा आकडा रुळलेल्या खात्याचा आहे. ते सुरू करायला या उदाहरणात 24,000 आधी टाकावे लागतात. तुमचा आकडा काढायचा तर बारा महिन्यांची जमा आणि खर्च कागदावर ओळीने लिहा आणि शिल्लक सर्वात खाली कुठे जाते ते बघा. तेवढीच सुरुवातीची रक्कम. ती एकदाच टाकायची; खर्च वाढले नाहीत, तर पुढच्या वर्षी परत लागत नाही.

एवढे पैसे हाताशी नसतील तर दुसरी वाट आहे. प्रत्येक खर्चाला त्याच्या उरलेल्या महिन्यांनी भागा. विम्याचे 8,000, फीचे 6,000, गाडीचे 1,200, म्हणजे पहिले तीन महिने 15,200. विमा भरला की त्याला पुढचे बारा महिने मिळतात, त्याचा वाटा 2,000 वर येतो आणि एकूण 9,200 होतात. फी भरल्यावर 6,200, आणि दहाव्या महिन्यानंतर नेहमीचे 6,000. पहिले सहा महिने जड जातात, हे खरं. पण ते आधीच माहीत असलं तर कुठला खर्च पुढे ढकलायचा हे शांतपणे ठरवता येतं.

उरलेले महिने मोजताना एक बारीक चूक होते. महिने मोजू नका, देय तारखेआधी खात्यात पडणारे हप्ते मोजा. प्रीमियम 3 तारखेला कटत असेल आणि तुमची ट्रान्सफर 7 तारखेला होत असेल, तर त्या महिन्याचा हप्ता त्या प्रीमियमच्या कामाचा नाही. ट्रान्सफर पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप जाईल अशी लावा. आणि प्रीमियमचं ऑटो डेबिट जुन्या खात्यावरच राहिलंय का, ते तपासा. वेगळ्या खात्यात पैसे आहेत आणि प्रीमियम मात्र रिकाम्या खात्यावरून परत गेलाय, हा प्रकार नवीन नाही.

खातं एकच पुरे, प्रत्येक खर्चाला वेगळं नको. पण वही किंवा शीट मात्र हवी, कारण बँकेची शिल्लक फसवते. 24,000 टाकून सुरू केलेल्या खात्यात पाचव्या महिन्यात 30,000 दिसतात आणि हात शिवशिवतात. त्यातला प्रत्येक पैसा फीचा असतो; सहाव्या महिन्यात फी भरली की शिल्लक शून्य. तेही ठरल्याप्रमाणेच आहे, घाबरायचं कारण नाही.

शीटमध्ये प्रत्येक खर्चाला एक ओळ द्या: B मध्ये अपेक्षित रक्कम, C मध्ये त्याच्या नावावर जमा, D मध्ये उरलेले हप्ते. दरमहाचा वाटा असा निघतो:

```
=(B2-C2)/D2
```

सगळ्या C ची बेरीज आणि बँकेची शिल्लक महिन्यातून एकदा जुळवा. व्याज जमा झालं असेल तर तेही एखाद्या ओळीत टाका, नाहीतर जुळणार नाही. एखादी ओळ उणे गेली तर त्या खर्चाने दुसऱ्याचे पैसे वापरलेत, आणि ते कुणाचे हे लगेच दिसतं. नुसती शिल्लक पाहून हे कळत नाही.

B चा आकडा मागच्या बिलावरून घ्या, पण तसाच ठेवू नका. आरोग्य विम्याचा प्रीमियम वयाबरोबर वाढतो, फीही क्वचितच थांबते. मी थोडी वाढ धरूनच लिहायला सांगेन. नवीन बिल हातात आलं की त्याच दिवशी B बदला. फरक उरलेल्या हप्त्यांत आपोआप वाटला जातो. जितका उशीर, तितके हप्ते कमी आणि प्रत्येक हप्ता मोठा.

आणि अचानकची दुरुस्ती, दवाखाना हे या खात्यात आणू नका. त्यांना तारीख नसते, त्यामुळे D चा रकाना भरताच येत नाही. त्यांची सोय वेगळी करा.