‘ग्रुपवर लिंक टाकली, झालं काम’ असं म्हणणाऱ्यांना

“नवीन सॉफ्टवेअर घेतलं की सूचना-बिचना काढत बसू नका. ग्रुपवर लिंक टाका, सगळ्यांना एकदम बसवून दोन तासांत ट्रेनिंग उरका, जुनं त्याच दिवशी बंद करा. अडलं तर ग्रुपवर विचारतील. माणसं वापरता वापरताच शिकतात.”

हा मजकूर मला आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्याच तिघाचौघांनी पाठवला, खाली अंगठे लावून. टॉवेलच्या कारखान्यांत बिलिंग आणि स्टॉकची सॉफ्टवेअरं बसवून देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे उत्तर देणं भागच आहे.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण सगळ्यांना पटतं ते हेच. फोटो एडिट करायचं ॲप असेल तर वापरता वापरता शिका, कोण अडवतंय? पण डिस्पॅचचा क्लार्क जे बटण दाबतो त्यातून बिल निघतं. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ते बिल ई-इन्व्हॉइस म्हणून थेट सरकारी पोर्टलवर नोंदलं जातं. ती नोंद रद्द करायला मिळतात फक्त २४ तास. शिवाय रद्द केलेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरता येत नाही.

नेहमी घडणारी चूक सांगतो. एकाच व्यापाऱ्याची हैदराबादला पेढी असते आणि विजयवाड्यालाही. नाव तेच, फरक जीएसटी नंबरात: तेलंगणाचा ३६ ने सुरू होतो, आंध्रचा ३७ ने. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हैदराबादची पार्टी यादीत वर असायची, क्लार्कचं बोट सवयीनं तिथंच जायचं. नव्यात यादीचा क्रम बदलतो आणि बोट पडतं विजयवाड्यावर. माल बरोबर हैदराबादला पोहोचतो, बिल मात्र ३७ वर. व्यापाऱ्याचा मुनीम तीन-चार दिवसांनी फोन करतो, “ओ, आमच्याकडं दिसेना की बिल.” तोवर २४ तास कधीच उलटलेले असतात. मग क्रेडिट नोट काढा, नवं बिल करा, व्यापाऱ्याला समजावा. यात क्लार्क शिकला हे खरंच, पण त्याची फी मालकानं भरली.

म्हणून सराव वेगळ्या कंपनीत व्हावा. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये खोट्या आकड्यांची एक सराव-कंपनी उघडता येते, जिथून पोर्टलवर काही जात नाही. तिचं नाव ठळक ‘सराव’ असंच ठेवावं, आणि तिच्यात कोण, कधीपासून कधीपर्यंत काम करून बघणार हे सूचनेत लिहावं. ते लिहिलं नाही तर सराव कोणी करत नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

आता ‘त्याच दिवशी बंद करा’. बंद म्हणजे नेमकं काय बंद? नवी नोंद बंद व्हायलाच हवी, नाहीतर दोन्हीकडून बिलं निघायला लागतात. बिलाचे नंबर ओळीनं आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच यावेत असा नियम आहे; लांबी जास्तीत जास्त १६ अक्षरं. दोन्ही सॉफ्टवेअरं एकाच मालिकेत चालली की एकच नंबर दोन बिलांवर पडणार. यावर सोपा तोडगा आहे, कारण एकापेक्षा जास्त मालिका चालतात. जुन्याचं शेवटचं बिल `TW/25-26/1187` असेल तर नव्याचं पहिलं `TN/25-26/0001` करा. रिटर्नमध्ये दोन्ही मालिका ‘कुठून कुठपर्यंत’ अशा दाखवता येतात. आणि कुठलंही बिल हातात घेतलं की ते कुठून निघालं हे नुसत्या नंबरावरून कळतं.

पण जुनं बघायला आणि छापायला उघडं राहिलंच पाहिजे. समोर डिसेंबर २०२५चं कॅलेंडर धरा. १ डिसेंबरला सोमवार, नवं सुरू करायला उत्तम दिवस. आता ११ डिसेंबरला जो जीएसटीआर-१ भरायचा तो नोव्हेंबरचा, म्हणजे त्याचे सगळे आकडे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. २० डिसेंबरचा जीएसटीआर-३बी, तोही नोव्हेंबरचाच. १ तारखेला उत्साहाच्या भरात जुनं पूर्ण कुलूपबंद केलं तर अकाउंट्सवाला १० तारखेला कपाळाला हात लावून बसतो. मी असा एक कारखाना पाहिलाय, जिथे जुन्या विक्रेत्याची वार्षिक फी ‘आता कशाला भरायची’ म्हणून थांबवली आणि लॉगिन गेलं.

ट्रेनिंगची तारीख याच कॅलेंडरातून निघते. ७ तारखेला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१, १५ला पीएफ, २०ला ३बी. या दिवसांच्या आसपास अकाउंट्सच्या माणसाला ट्रेनिंगला बसवलं तर तो फक्त शरीरानं बसतो. उरते २१ नंतरची खिडकी. ती सुरुवातीच्या तारखेला चिकटून येते हे उलट बरंच, कारण शिकलेलं आठवड्याच्या आत हाताला लागलं नाही तर विसरतं. तेव्हा १ डिसेंबरसाठी २४ ते २८ नोव्हेंबर.

आणि सगळ्यांना एकदम बसवणं म्हणजे तिघांपैकी दोघांचा वेळ वाया घालवणं. डिस्पॅचला लागतात मोजके स्क्रीन: ऑर्डर उघडणं, गाठी निवडणं, बिल, ई-वे बिल, छपाई. स्टोअरच्या माणसाला डाईंगला जाणाऱ्या सुताचं चलन आणि परत आलेल्याची नोंद. अकाउंट्सला यातलं थोडं, पण रिपोर्ट सगळे. एकत्र वर्गात ट्रेनर रिपोर्टवर आला की डिस्पॅचवाले मोबाईल काढतात, आणि त्यांची चूक म्हणता येत नाही.

रात्रपाळीचं तर कोणाच्या लक्षातच येत नाही. रात्री आठला येणाऱ्या सुपरवायझरला सकाळी अकराला बोलावणं म्हणजे त्याची झोप मोडणं. पाळीच्या आधी दीड तास बोलवा, त्या वेळेची हजेरी धरा, आणि हजेरी धरली जाईल हे सूचनेतच लिहा. दुसरं म्हणजे भाषा. आपल्याकडे पॅकिंगमध्ये निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मराठी सूचना त्यांना कळते; विक्रेत्याच्या कंपनीकडून आलेलं इंग्रजी पत्रक मात्र नोटीस बोर्डावर नुसतं फडफडतं.

‘ग्रुपवर विचारतील’ याबद्दल. विचारतातच. सकाळी साडेनऊला ‘एरर येतोय’ असा मेसेज पडतो, त्याच्यावर वाढदिवसाचे केक, त्याच्यावर दुपारच्या गाडीची बिल्टी. उत्तर देणं कोणाचं काम आहे हे ठरलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं दिलं असेल. कोणीतरी पासवर्डही तिथंच टाकतो. ग्रुप बंद करा असं माझं म्हणणं नाही. बातमी द्यायला तो ठीक आहे. मदतीसाठी मात्र नावं हवीत, आणि ती क्रमानं: आधी आपल्याच खात्यातला एक माणूस, त्याला जमलं नाही तर ऑफिसातला एक, मग विक्रेत्याचा. प्रत्येकापुढे वेळ आणि तो नसेल तेव्हाचा बदली माणूस. विचारणाऱ्यानं काय पाठवायचं तेही सांगावं: बिल नंबर, पार्टी, स्क्रीनचा फोटो आणि शेवटी कोणतं बटण दाबलं. ‘चालेना’ एवढ्यावर फोनवरून कोणालाच काही दुरुस्त करता येत नाही.

सूचना म्हणजे काही फार मोठं पत्रक नाही. एका पानात अशी बसते:

“सोमवार १ डिसेंबरपासून टॉवेलची सर्व विक्री बिलं आणि डाईंगला जाणाऱ्या सुताची चलनं नव्या सॉफ्टवेअरमध्येच होतील. हजेरी, पगार आणि खरेदी पूर्वीप्रमाणेच. जुन्यात ३० नोव्हेंबरच्या रात्रीनंतर नवं बिल किंवा चलन होणार नाही. बघणं आणि छापणं चालू राहील. नव्या बिलांचा नंबर `TN` ने सुरू होईल.

ट्रेनिंग: डिस्पॅच सोमवार २४, सकाळी ९ ते १०.३०. रात्रपाळी सुपरवायझर मंगळवार २५, संध्याकाळी ६.३० ते ८, हजेरी धरली जाईल. अकाउंट्स बुधवार २६, ११ ते १. स्टोअर गुरुवार २७, ११ ते १२. ज्यांचं राहिलं त्यांच्यासाठी शुक्रवार २८, दुपारी ४. आपल्या ट्रेनिंगपासून शनिवार २९ पर्यंत रोज पाच बिलं किंवा चलनं ‘सराव’ कंपनीत करावीत. रविवारी ३० ला गोडाऊनमधल्या गाठींची मोजणी.

अडचण आल्यास दिवसा डिस्पॅचचे हेड क्लार्क, रात्री पाळीचे सुपरवायझर. त्यांच्याकडून सुटली नाही तर अकाउंट्स, एक्स्टेन्शन १२. विक्रेत्याला फोन फक्त अकाउंट्समधून. नेट गेलं तर गाडी भरून ठेवा, पण बिल निघाल्याशिवाय गेटबाहेर सोडू नका. चुकीचं बिल निघालं तर त्याच तासात कळवा. उशिरा कळवण्यापेक्षा लगेच सांगितलेलं बरं, त्यावर कोणी बोलणार नाही.”

यातलं शेवटचं वाक्य मालकाच्या सहीखाली असेल तरच कामाचं. २४ तासांची मुदत चुकते ती बहुतेक वेळा बोलणी खायच्या भीतीनं.

या सूचनेची एक प्रत गेटवर द्या. वॉचमनला कोणी ट्रेनिंग देत नाही, आणि तसं त्याला लागतही नाही. पण तो बिल वाचत नाही, बिलाची ठेवण ओळखतो: शिक्का कुठे, सही कुठे. पहिल्या दिवशी नव्या मांडणीचं बिल पाहून भरलेली गाडी अडवतो, आणि ते त्याचं कामच आहे. नमुन्याचं एक बिल छापून त्याच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं की प्रश्न मिटतो.

आता मदत किती दिवस? विक्रेत्याचा माणूस साधारण तीन दिवस बसतो आणि ‘सगळं स्मूथ आहे’ म्हणून पुण्याला परततो. तीन दिवसांत बिलं निघतात, खरी परीक्षा पुढेच असते. नव्या सॉफ्टवेअरमधून निघणारा पहिला जीएसटीआर-१ डिसेंबरचा, तो ११ जानेवारीला. ३बी २० जानेवारीला. दोन मालिका, क्रेडिट नोटा, चुकीची पार्टी, सगळं तेव्हा वर येतं. आणि बरोबर त्याच दिवसांत आपली गड्ड्याची यात्रा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा, नंदीध्वज खांद्यावर घेणारे आपल्याच कारखान्यांतले, निम्मं सोलापूर रस्त्यावर. त्या दिवशी मदतीच्या यादीतला पहिला माणूस फोन उचलणार नाही आणि दुसराही. तेव्हा विक्रेत्याशी करार करतानाच २० जानेवारीपर्यंतची मदत लिहून घ्या, १० तारखेच्या आत रिटर्नचे आकडे तपासून ठेवा, आणि १२ ते १५ साठी यात्रेत नसलेल्या एकाचं नाव सूचनेत वेगळं टाका.