खोकला माझा, निदान सगळ्या सोसायटीचं

घसा असा सोललेला की कोमट पाणीसुद्धा खरखरत खाली जायचं, ताप मात्र नाही, अंगदुखी नाही. दिवसभर मी ठणठणीत, आणि मधेच अशी उबळ यायची की ठसक्यावर ठसका, श्वास घ्यायला फुरसत नाही, डोळ्यांत पाणी, तोंड लालबुंद आणि शेवटी जेवलेलं सगळं बाहेर. रात्री तर विचारूच नका, बायको उशी घेऊन हॉलमध्ये गेली ती गेलीच.

सुरुवात साध्या सर्दीने झालेली. त्यामुळे आईने हळद-दूध दिलं, शेजारच्या काकूंनी आलं-मध, ऑफिसातल्या एकाने "हवा बदलतेय रे" एवढंच दिलं. डॉक्टरकडे गेलो तर खोकला साळसूद! स्टेथोस्कोप लावला, छाती क्लिअर, एक्स-रे स्वच्छ. दोन उबळींच्या मधे पेशंटला काही झालेलंच नसतं, आता हे कोणाला पटवणार? ॲलर्जीची गोळी आणि कफ सिरप घेऊन घरी, जिन्यात पोचेपर्यंत परत सुरू.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मात्र विचारलं, "खोकून उलटी होते का हो?" मी हो म्हणताच म्हणाल्या, डांग्या खोकला वाटतोय. मी म्हटलं मॅडम, तो लहान मुलांचा ना, आणि मला लहानपणी ट्रिपल दिलेलं आहे, आई अजून सांगते किती रडलो ते. त्या हसल्या. त्या लशीचा जोर काही वर्षांत ओसरतो म्हणे, पण थोडाफार उरतो, म्हणून मोठ्यांना आजार होतो तो अर्धवट वेषात. श्वास ओढताना मुलांचा येतो तो 'हूप' आवाज बहुतेक मोठ्यांना येतच नाही, आणि सगळे बसलेत त्या आवाजाची वाट बघत. नाकातून पार मागपर्यंत काडी घालून पीसीआर केली. तिच्यात हा आजार पहिल्या तीनेक आठवड्यांतच नीट सापडतो, आणि तेवढा वेळ आपण आलं किसण्यात घालवतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह. पाच दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन. मी खूश, पाच दिवसांत सुटका! "छे, खोकला राहणार अजून बरेच आठवडे. गोळ्या आहेत त्या दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून. घरात तान्हं बाळ आहे का?"

बहिणीचं होतं, त्याच आठवड्यात बारसं. बाळांना पहिली लस मिळते सहा आठवड्यांनी, आणि इतकी लहान बाळं खोकतही नाहीत धड, एकदम श्वासच थांबतो त्यांचा. हे ऐकल्यावर मी मुकाट्याने व्हिडिओ कॉलवर बारसं अटेंड केलं. आत्या कानात नाव सांगायला वाकली आणि नेमकी मला उबळ आली, म्यूट सापडेना. नाव कोणालाच ऐकू आलं नाही, परत सांगावं लागलं. आजी म्हणाली, "ह्याला दृष्ट लागलीये, मीठ-मोहरी ओवाळा."