शुक्रवारपर्यंत कळवतो

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला आहे. केबिनी काचेच्या. काचेतून दिसू नये ते दिसतं आणि ऐकू जाऊ नये ते ऐकू जातं. त्यामुळे मुलाखतीला आलेल्या माणसांची नावं आम्ही मोठ्याने घेत नाही, ते जिथून येतात त्या स्टेशनाच्या नावाने बोलतो. एक्सपोर्टची कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागाला प्रमुख हवा होता आणि शेवटच्या फेरीत उरले होते बदलापूर, वसई आणि चेंबूर.

मुलाखत संपली की आमचे विभागप्रमुख उभे राहतात, हात पुढे करतात आणि म्हणतात, "शुक्रवारपर्यंत कळवतो." तिघांनाही म्हणाले. कुठला शुक्रवार, कोण कळवणार, आणि कळवण्यासारखं काही असेल का, हे प्रश्न त्यांना पडत नाहीत. ते एचआरला, म्हणजे मला, पडतात.

सरांना बदलापूर पसंत होता. अडचण एवढीच की या पदाला मंजूर पगार वर्षाला नऊ लाख आणि बदलापूरने मागितले साडेनऊ. मंजुरीपेक्षा एक रुपयाही वर गेला की फायनान्सच्या साहेबांची सही लागते. आणि फायनान्सचे साहेब मंगळवारी रात्रीच्या गाडीने गणपतीसाठी देवगडकडे रवाना झाले होते. गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्याशिवाय ते परत येत नाहीत. घरी रेंज नाही. ती मिळवायला आंब्याच्या बागेत वरच्या अंगाला जावं लागतं, आणि तिथे साहेब लॅपटॉप घेऊन जाण्याची शक्यता मला कमी वाटत होती.

बुधवारी मी सरांना म्हटलं, "शुक्रवारी काही होत नाहीये. तिघांना कळवायला हवं."

"काय कळवणार? निर्णय झाला की कळवूच."

हे वाक्य मी मुंबईतल्या प्रत्येक ऑफिसात ऐकलं आहे. सांगण्यासारखं काही नाही म्हणून सांगायचं नाही. पण फलाटावर उभ्या माणसाला गाडी का थांबली यात फारसा रस नसतो. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की इथेच थांबू की बाहेर जाऊन बस पकडू? रेल्वेसुद्धा "विलंबाने धावत आहे" एवढं तरी म्हणते. आम्ही इंडिकेटरच बंद करतो. मग समोरचा माणूस दोनतीन दिवस वाट बघतो, आपल्याला नकार मिळाला असं ठरवतो आणि दुसरीकडे हो म्हणून मोकळा होतो. पुढे आम्ही ऑफर घेऊन फोन केला की तो म्हणतो, "अरे, मला वाटलं तुमचं झालं!"

सर म्हणाले, "बरं, मी मजकूर करून देतो."

त्यांचा मजकूर आला. "काही अपरिहार्य कारणांमुळे", "प्रक्रिया अंतिम टप्प्यात", "लवकरच सकारात्मक निर्णय". मी म्हटलं, "सर, सकारात्मक तिघांसाठी? जागा एकच आहे." बदलापूरला मेल मिळाल्या मिळाल्या तिकडे पेढे आणले असते, आणि वसईत आणि चेंबूरलाही. अपरिहार्य कारण म्हटलं की लोकांना वाटतं कंपनी बुडतेय. आमची कंपनी अजिबात बुडत नव्हती, फक्त गावी गेली होती.

पण खरी लढाई झाली चेंबूरवरून. चेंबूर कोणालाच नको होता. माणूस चांगला, पण काम आयातीचं केलेलं, निर्यातीचं नाही. बाकी दोघांनी नाही म्हटलं असतं तरी सरांनी त्याला घेतलं नसतं, जाहिरात पुन्हा दिली असती. तरी सर म्हणत होते, "त्यालाही तोच मेल जाऊ दे, राहील आपला बॅकअप." ज्याच्याबाबत ठरलेलं आहे त्याला अजून ठरलेलं नाही असं कळवणं ही माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड आहे. उशिराचा मेल फक्त त्यांनाच जावा ज्यांचं खरंच लटकलेलं आहे. अर्धा तास वाद झाला. शेवटी मी विचारलं, "उद्या दोघांनी नाही म्हटलं तर चेंबूरला ऑफर देणार का, हो की नाही?" सर गप्प बसले, आणि चेंबूरला त्याच दिवशी सरळ नकार गेला. त्याने आभार मानले. आयातीची जागा निघाली तर कळवा, म्हणाला.

उरले दोन. त्यांचा मेल मी लिहिला. गेला तो अर्थातच इंग्रजीत, पण मतलब असा होता:

"उद्या, शुक्रवारी, निर्णय कळवू असं तुम्हाला सांगितलं होतं. तो उद्या होणार नाही. मुलाखती संपल्या आहेत आणि तुमच्याकडून आता काही नको आहे. पदाच्या खर्चाला अंतर्गत मंजुरी मिळणं बाकी आहे, आणि ती देणारे अधिकारी रजेवर आहेत. तुमचं नाव विचारात आहे, पण अजून कोणाचीही निवड नक्की झालेली नाही. पुढच्या आठवड्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मी तुम्हाला कळवेन, निर्णय झाला नसला तरी कळवेन. दरम्यान दुसरी ऑफर आली तर उत्तर देण्याची शेवटची तारीख मला सांगा. आमचं लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका."

बुधवारच का, हे सांगते. साहेब त्याच आठवड्यात सोमवारी ऑफिसात येणार. सोमवारी ते मोदकांचे डबे वाटणार आणि गावच्या रस्त्यांविषयी बोलणार. मंगळवारी मेल उघडणार. म्हणून बुधवार. शिवाय मी निर्णयाची तारीख दिलीच नव्हती, ती माझ्या हातात नाही. मेल पाठवणं माझ्या हातात आहे, म्हणून तारीख मेलची दिली. राजीनाम्याचं वाक्य सरांना खटकलं, "उगाच घाबरतील." घाबरू देत. साठ दिवसांच्या नोटीसवर बसलेला माणूस गोड शब्दांवर विसंबून राजीनामा टाकतो आणि साहेबांनी सही केली नाही तर घरी बसतो. तोंडी होकारावर गृहकर्जाचा हप्ता जात नाही.

मेल गुरुवारी दुपारी गेला. शुक्रवारी संध्याकाळी सातला असा मेल पाठवला तर माणूस शनिवार-रविवार त्यातल्या एकेका वाक्याचं पोस्टमॉर्टेम करत बसतो, आणि विचारायला फोन उचलणारं कोणी नसतं. दोघांना वेगवेगळा पाठवला. एका मैत्रिणीच्या ऑफिसातून असाच मेल सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असा गेला होता. संध्याकाळपर्यंत उमेदवारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला आणि कोणी किती पगार मागितला त्याची यादी ग्रुपवर फिरू लागली.

मेलनंतर दहा मिनिटांत बदलापूरहून फोन आला. उमेदवाराचा नाही, त्याच्या वडिलांचा.

"मॅडम, मुलाचं काय ठरलं? नाही, त्याला माहीत नाही मी फोन केलाय. मुलीकडचे विचारतायत, नोकरी कुठली म्हणून. बोलणी थांबलीयत."

"काका, मी त्यांच्याशीच बोलू शकते."

"बरोबर आहे. फक्त एवढं सांगा, चान्स कितपत?"

चान्स भरपूर होता. पण ते वडिलांना सांगितलं असतं तर मुलीकडचे रात्रीपर्यंत पत्रिका छापायला घेऊन गेले असते. म्हटलं, "मेलमध्ये आहे तेवढंच, काका." ते "हां हां" म्हणाले, आणि जाता जाता मरोळमध्ये भाड्याने खोली किती पडते तेही विचारून घेतलं.

वसईचा फोन मात्र गंभीर होता. बाई म्हणाल्या, "मला दुसरीकडची ऑफर आहे. येत्या सोमवारी उत्तर द्यायचंय. तुम्ही सांगा, थांबू का?"

या प्रश्नाला दोन उत्तरं सोपी आणि दोन्ही वाईट. "थांबा, फक्त फॉर्मॅलिटी बाकी आहे" म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या आणि बदलापूरची सही झाली असती. "तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात" म्हटलं असतं आणि उद्या बदलापूरने नकार दिला असता, तर आमचं तोंड पाहण्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत आमच्याकडून काही होणार नाही, एवढं नक्की. मेलमधल्या बुधवारी होईल अशी हमी देऊ शकत नाही. त्यांच्याकडे त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, गुरुवारपर्यंत, मुदत मागून बघा, लेखी मागा. नाही दिली तर आमच्या भरवशावर ती ऑफर सोडू नका."

त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कंपनीकडून आहात ना?"

सर काचेपलीकडून बघत होते. मी मान हलवली, जणू काही बाईंना पटवतेय.

मुदत मिळाली नाही. सोमवारी त्यांनी दुसरीकडे होकार कळवला, आणि मला तसा मेलही टाकला. सर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यांचं म्हणणं, जरा गोड बोलली असतीस तर थांबल्या असत्या. थांबल्या असत्याच, त्याचीच तर मला भीती होती.

मेलमध्ये दिलेला बुधवार उजाडला. साहेब आले होते, मोदक वाटून झाले होते, मेल उघडला होता. त्यांचं उत्तर आलं होतं: "कोणती पोस्ट?" साडेचारला मी बदलापूरला दुसरा मेल टाकला. हा पहिल्यापेक्षा अवघड. तेच वाक्य पुन्हा लिहिलं तर पहिल्या मेलचीही किंमत जाते. मधल्या काळात काय हललं ते सांगावं लागतं. मी लिहिलं, की मंजुरी देणारे अधिकारी रुजू झाले आहेत, प्रस्ताव त्यांच्यासमोर आहे, त्यांनी एक प्रश्न विचारला आहे, मी शुक्रवारी दुपारी पुन्हा लिहीन. तिसऱ्यांदाही हेच झालं असतं तर मी नवी तारीख दिली नसती. प्रक्रिया थांबली आहे, तुम्ही तुमचं बघा, असं स्पष्ट लिहिलं असतं. तसा कच्चा मजकूर माझ्याकडे तयारही होता.

सही शुक्रवारी सकाळी झाली. साडेनऊ लाख, पूर्ण. बारा वाजता मी ऑफर लेटर पाठवलं, उत्तर द्यायला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत. फोनवर बदलापूर खूश होता. मागून वडिलांचा आवाज येत होता, "खोलीचं विचार, खोलीचं."

मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, त्याचा मेल आला.

"उद्या, शुक्रवारी, निर्णय कळवतो असं सांगितलं होतं. तो उद्या होणार नाही. माझ्याकडून होकार आहे, पण होणाऱ्या सासऱ्यांची मंजुरी बाकी आहे आणि ते सध्या गावी आहेत. तुमची ऑफर विचारात आहे. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत मी तुम्हाला कळवेन, निर्णय झाला नसला तरी कळवेन. दरम्यान तुमच्याकडे दुसरा उमेदवार असेल, तर त्याची शेवटची तारीख मला सांगा."

मी तो मेल सरांना फॉरवर्ड केला. सरांनी विचारलं, "चेंबूरचा नंबर आहे का आपल्याकडे?"