गाढ झोपेची एक्केचाळीस मिनिटे

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी चांगली ताजीतवानी उठले, चहा टाकला आणि मग फोनवर पाहिले, तर मनगटावरच्या घड्याळाने रात्रीच्या झोपेला शंभरपैकी ६२ गुण दिले होते आणि गाढ झोप फक्त ४१ मिनिटे दाखवली होती. चहा संपेपर्यंत मला खरोखरच थकवा वाटू लागला.

हा आकडा येतो कुठून, हे मी फार उशिरा समजून घेतले. गाढ झोप ओळखली जाते ती मेंदूतल्या संथ, उंच लहरींवरून. प्रयोगशाळेत त्यासाठी डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात आणि रात्रभराची नोंद ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत तपासतात. घड्याळाला मेंदू दिसतच नाही. हाताची हालचाल आणि त्वचेवर पडणाऱ्या हिरव्या प्रकाशातून मिळणारी नाडी, एवढ्यावरून ते झोपेच्या टप्प्यांचा अंदाज बांधते. त्यातही त्याची ठरलेली चूक म्हणजे, जागे असूनही निश्चल पडलेल्या माणसाला ते बरेचदा झोपलेला समजते.

नेमकी हीच चूक मला भोवली. गुण वाढावेत म्हणून मी अकराऐवजी साडेनऊलाच अंथरुणावर पडू लागले. उठायची वेळ मात्र सहाचीच राहिली. पूर्वी सात तासांपैकी साधारण सहा तास वीस मिनिटे, म्हणजे नव्वद टक्के वेळ, मी झोपत असे. आता साडेआठ तासांत माझ्या अंदाजाने झोप होई जेमतेम साडेसहा तास, म्हणजे शहात्तर टक्के, आणि उरलेले दोन तास छताकडे बघण्यात जात. घड्याळाने त्यातला बराच वेळ हलकी झोप म्हणून जमा केला आणि गुण ७८ झाले! अंथरूण ही जागे राहण्याची जागा आहे, असे मनाला शिकवून निद्रानाश पक्का करण्याचा हा सरळ मार्ग होता. निद्रानाशावरील वर्तनोपचारात तर उलट अंथरुणावरचा वेळ आधी कमी करतात.

अमेरिकेतील काही संशोधकांनी २०१७ मध्ये परिपूर्ण झोपेच्या आकड्यांमागे लागण्याच्या या ध्यासाला ऑर्थोसोम्निया हे नाव सुचवले. त्याआधी, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना त्यांच्या स्वप्नझोपेचे खोटेच प्रमाण सांगितले गेले. ज्यांना ते कमी सांगितले, त्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी खालावली. माझ्या चहाच्या कपात त्या सकाळी हेच घडले असावे.

घड्याळ मी फेकलेले नाही. झोपण्या-उठण्याच्या वेळा किती सरकतात, हे महिन्याच्या आलेखावर बऱ्यापैकी कळते, म्हणून तेवढाच पाहते, तोही रविवारी. रोजचे गुण आणि टप्पे दाखवणारी सूचना मी बंद केली आहे. मात्र कोणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर घड्याळाने ९० गुण दिले तरी डॉक्टरांकडे जावे. मी आता पुन्हा अकराला झोपते, आणि सकाळी फोन चहानंतरच हातात घेते.