'थोडे लो आलेत' म्हणजे नेमके किती?

साइटवर नऊ वर्षं झाली मला, आणि अजूनही सगळ्यात जास्त डोकं खाणारं काम म्हणजे संध्याकाळचा ग्रुपवरचा अपडेट. स्लॅब परवडला. कारण त्या एकाच मेसेजमध्ये साहेब असतात, बरोबरीचे लोक असतात आणि सात-आठ महिन्यांपूर्वी जॉईन झालेला डिप्लोमावाला पोरगाही असतो, आणि तिघंही तेच वाक्य वाचून तीन वेगळे अर्थ काढतात. मागे माझ्याच हातून कसा घोळ झाला ते सांगते.

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब १२ तारखेला भरला. एम-२५, म्हणजे २८ दिवसांत दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद यायला हवी असं काँक्रीट, आणि माल आरएमसीचा, म्हणजे प्लांटवरून तयार आलेला. १९ ला सात दिवसांचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे ताकद तपासायला भरलेले ठोकळे, फोडले तर तिन्ही क्यूबची सरासरी १३ च्या आसपास. सात दिवसांत साधारण पासष्ट-सत्तर टक्के तरी यायला पाहिजेत, म्हणजे १६-१७. इकडे ठेकेदार मागे लागलेला की उद्या स्लॅबखालच्या साच्याच्या प्लेटा काढतो, आधाराचे ठेपे परत लावतो आणि प्लेटा वर नेतो. एरवी यात काही चूक नाही, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ठेपे लगेच परत लावणार असाल तर तळाच्या प्लेटा तीन दिवसांनी काढायची मुभा आहे. पण ती काँक्रीट नीट ताकद धरतंय हे गृहीत धरून, आणि इथे तीच शंका. आमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, सव्वापाच मीटरचा, साडेचारच्या वर गेलं की ठेपे तसेही १४ दिवस ठेवायचे.

आता मी रात्री दमून काय लिहिलं बघा, त्यातलं क्युरिंग म्हणजे काँक्रीट पाण्यात ओलं ठेवणं आणि डीशटरिंग म्हणजे प्लेटा काढणं. 'सर, थर्ड स्लॅबचे क्यूब रिझल्ट थोडे लो आले आहेत. क्युरिंगमध्ये थोडं राहून गेलं होतं. डीशटरिंगबाबत योग्य ती काळजी घेत आहोत. सगळ्यांनी लक्ष द्यावे ही विनंती.'

किती सभ्य ना? साहेबांचं उत्तर आलं, 'नोटेड'. त्यांना वाटलं मी फक्त कळवतेय, प्रत्यक्षात मला त्यांची परवानगी हवी होती प्लेटा थांबवायची, कारण सहा दिवस शेड्यूल सरकणार होतं आणि ते माझ्या अधिकारात नाही. इलेक्ट्रिकलचा जो माझ्या बरोबरीचा आहे त्याला 'योग्य ती काळजी' यातून तारीख सरकली हे कळायचं काही कारणच नव्हतं, त्याने २५ ला चौथ्या मजल्यावर पाइप टाकायला गँग बोलावून ठेवली, सहा माणसं येऊन नुसती बसून राहिली असती. आणि ज्या पोराने क्यूब टाकीत न ठेवता तीन-चार दिवस उन्हात शेडबाहेर ठेवले होते, त्याला 'सगळ्यांनी' मध्ये आपण येतो असं वाटलंच नाही. उरलेले क्यूब अजून तिथेच उन्हात!

माझं मत असं झालंय की टोन म्हणजे गोडवा नव्हे. साहेबांना जास्त जी-हुजूर, बरोबरीच्याला यार-दोस्ती आणि ज्युनिअरला दम, असं काही नसतं. आकडा तिघांना एकच सांगायचा, बदलतं ते क्रियापद. साहेबांना विचारायचं असतं, बरोबरीच्याशी ठरवायचं असतं आणि ज्युनिअरला सांगायचं असतं. आपली मराठी यात मदतही करते आणि लपायला जागाही देते. 'राहून गेलं', 'झालं नाही', 'करण्यात येईल', कर्ता गायब!! कोणी केलं, कोण करणार, काही नाही, जणू क्यूब स्वतःच चालत उन्हात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी तोच अपडेट परत लिहिला. वरचा भाग साहेबांसाठी: 'सर, थर्ड स्लॅबचे ७ दिवसांचे क्यूब सरासरी १३ आलेत, १६-१७ अपेक्षित होते. क्यूब आमच्याकडून नीट क्युअर झाले नाहीत. प्लांटवर त्याच दिवशी भरलेल्या क्यूबची सरासरी साडेसतरा आहे, त्यामुळे माल ठीक असावा, पण खात्री २८ दिवसांनीच. तोवर धोका नको म्हणून प्लेटा आणि ठेपे २६ पर्यंत काढायचे नाहीत असं माझं मत आहे. चौथा स्लॅब ६ दिवस पुढे जाईल. आज पाचपर्यंत आपला होकार मिळाला तर ठेकेदाराला कळवते.' यात 'सर' आणि 'आपला' हे दोनच शब्द आदराचे आहेत, बाकी सगळा हिशोब. वीस मिनिटांत 'ओके, होल्ड करा' आलं.

'आमच्याकडून' हा शब्द मी मुद्दाम घातला. 'आपल्याकडून' लिहिलं असतं तर साहेबही चुकीत आले असते, आणि पोराचं नाव लिहिलं असतं तर मी वरच्यावर सुटले असते. वर जाणाऱ्या मेसेजमध्ये खालच्याचं नाव घेऊन चूक सांगणारे लोक मला पटत नाहीत, टाकी बघायचं काम माझंही होतंच.

त्याखाली बरोबरीच्यासाठी, त्याला टॅग करून: 'तुझी गँग २५ ऐवजी ३१ ला लागेल, कालच्या मेसेजमध्ये तारीख लिहिली नाही ही माझी चूक. ३१ जमतंय का दुपारपर्यंत सांग, नाहीतर आपण दुसरी तारीख काढू.' इथे 'आपण' म्हणजे खरंच तो आणि मी. बरोबरीच्याला 'कृपया नोंद घ्यावी' लिहिलं की तो भांडणाच्या तयारीने वाचतो आणि नुसतं 'बघ जरा' लिहिलं तर बघतच नाही. तारीख आणि प्रश्न दोन्ही लागतात.

ज्युनिअरला मात्र मी ग्रुपवर लिहायच्या आधी फोन केला. 'अरे, ते क्यूब कुठेत?' तर म्हणे, 'मॅडम, टाकी गळत होती म्हणून बाहेर ठेवले, तुम्हाला सांगणार होतो.' म्हणजे कारण होतं! नुसताच आळस नव्हता. त्याला सांगितलं, साच्यातून काढले की थेट पाण्यात, टाकी गळत असेल तर ड्रममध्ये बुडव पण पाणी सोडायचं नाही, आणि अडलं तर त्याच तासाला मला फोन. मग ग्रुपवर फक्त काम: 'उरलेले क्यूब आत्ता पाण्यात टाकायचे, फोटो अकराच्या आत.' हे 'टाकायचे' फार कामाचं आहे बरं का, समोरासमोर मी त्याला तू म्हणते पण साहेब वाचत असताना ग्रुपवर अरे-तुरे नको वाटतं आणि एकदम 'तुम्ही' केलं तर परकं वाटतं. 'टाकायचे' मध्ये तूही नाही नि तुम्हीही नाही. फक्त दर ओळीला वापरलं की हुकूमशाही वाटते, तेव्हा एखाद्याच ठिकाणी.

पद आणि वय एका रेषेत नसतात ही आणखी एक गंमत. आमचे सेंट्रिंगचे मिस्त्री काका हुद्द्याने माझ्या खाली, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांना 'काका, २६ पर्यंत एकही ठेपा हलवू नका' एवढंच, आणि तेही तोंडी, कारण ते ग्रुप वाचतच नाहीत.

आमच्या पोराला या सगळ्यातून टोन म्हणजे नम्रता एवढंच कळलं बहुतेक. पुढच्या आठवड्यात त्याने काकांना हात जोडून सांगितलं, 'आपण कृपया टाकीत पाणी भरावे ही विनंती.' काका तडक माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. 'मॅडम, पोरगं असं का बोलतंय, माझं काय चुकलं?'